पंधरा घरं, पंचावन्न पानं आणि एक मेसेज

(सांगलीत विश्रामबागेतल्या काही सोसायट्यांच्या सेक्रेटरी-खजिनदारांपुढे केलेलं बोलणं, थोडं सारखं करून)

नमस्कार. मला सांगितलं होतं की गणपतीतल्या सोसायटीच्या जेवणाबद्दल बोला, पण जेवणाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळे मी फक्त एका मेसेजबद्दल बोलणार आहे. ग्रुपवर टाकायचा मेसेज. कुणी काय आणायचं, किती आणायचं, बस्स.

आमची बिल्डिंग तीन मजली, एका मजल्यावर पाच घरं, म्हणजे पंधरा. गणपती दहा दिवसांचा. जेवण गौरी गेल्यानंतरच्या शनिवारी, कारण गौरीच्या तीन दिवसांत कुठल्याच घरातल्या बाईला तुम्ही काही सांगायला जाऊ नका, मी एकदा गेले होते.

दोन वर्षांपूर्वी काय झालं ते आधी सांगते. ग्रुपवर लिस्ट टाकली, पुरी, भाजी, भात, गोड असं लिहून, आणि खाली लिहिलं की कॉपी करून आपापलं नाव घाला. आता हे सगळीकडे चालतं, तुमच्याकडेही चालत असेल. पण एकाने लिस्ट कॉपी केली, नाव टाईप करेपर्यंत दुसऱ्याने तीच जुनी लिस्ट कॉपी केली, दोघांनी पाठवली, आणि दुसऱ्याच्या लिस्टमध्ये पहिल्याचं नावच नाही. मग तिसरा शेवटची लिस्ट बघून पुढे जातो. रात्री नऊला सगळे एकदम मोकळे होतात, त्यामुळे नऊ ते सव्वानऊमध्ये आमची तीन नावं गायब झाली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी मसाले भात पाच घरांतून आला. पुऱ्या एका घरातून, चाळीस. अठ्ठावन्न माणसं. आठला पंगत बसली आणि आठ दहाला पुरी संपली, त्यानंतर लोक भाताबरोबर भात खात होते (हशा). बरं, ज्यांचं नाव गायब झालं त्यांची चूक नाही, ज्यांनी भात केला त्यांचीही नाही.

तेव्हापासून मी ठरवलं की नाव घालायला सांगायचं नाही, आपणच वाटून द्यायचं. ज्याला जमणार नाही त्याने दुसऱ्या घराशी अदलाबदल करायची आणि दोघांनी मिळून मला एकदा कळवायचं. अदलाबदल गुरुवारी दुपारी दोनपर्यंत. त्यानंतर मी दुरुस्त केलेला मेसेज नव्याने टाकते आणि पिन करते. जुना मेसेज एडिट करत बसायचं नाही, एक तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांनंतर एडिट होतच नाही, आणि झाला तरी ज्याने आधी वाचलाय तो परत कशाला वाचेल.

आता किती करायचं हे कसं काढायचं? मी डोकी मोजत नाही, पानं मोजते. मोठं माणूस म्हणजे एक पान, दहा वर्षांखालचं पोर म्हणजे अर्धं. आमच्याकडे मोठे ४६ आणि मुलं १२, म्हणजे ५२ पानं. वॉचमनचं कुटुंब धरून तीन. एकूण ५५. पानाला चार पुऱ्या धरल्या की २२० होतात, मी २४० सांगते, कारण मुलं भाजी-भात काही न खाता पुरी आणि शिराच खातात हे आता मला पाठ झालंय.

पण खरी गोष्ट इथे आहे. पानं मोजून एकूण माप मिळतं, ते कुठल्या घराला किती द्यायचं हे पानांवरून नाही ठरत, ते घरातल्या भांड्यावरून ठरतं. ५५ पानांना तांदूळ लागतो तीन किलो. एका घराला तीन किलो मसाले भात सांगून बघा. घरातला कुकर पाच लिटरचा, भाताला तो निम्म्याच्या वर भरायचा नाही, म्हणजे तांदूळ, पाणी, तोंडली धरून एका वेळी अर्ध्या किलोच्या फार वर तांदूळ जात नाही. तीन किलो म्हणजे ती बाई दिवसभर कुकर लावत बसणार आणि पहिला भात थंड होऊन त्याचा ढेकूळ होणार. म्हणून तीन घरं, एकेक किलो, अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन खेपा. हे कुठल्याही घराला जमतं. शिऱ्याचंही तसंच, रवा सव्वा किलो लागतो, देवाच्या कामाला सव्वाच माप बरं वाटतं ते वेगळं, पण एका कढईत सव्वा किलो रवा हलवायला मनगट पाहिजे, म्हणून दोन घरं.

मागच्या वर्षीचा मेसेज मी फोनमध्ये ठेवलाय, जसाच्या तसा वाचते.

"नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री गच्चीवर जेवण, आरती ७ ला, पान ८ ला. ५५ पानं धरली आहेत. खाली दिलेलं माप कच्च्या जिनसाचं आहे, शिजल्यावरचं नाही. पुरी १०१, १०४, २०२, ३०५ यांनी, प्रत्येकी १ किलो कणीक, साधारण ६० पुऱ्या, पावणेआठला वर आणायच्या, आधी नको. बटाट्याची भाजी १०२ आणि २०३, प्रत्येकी ३ किलो बटाटे. मटकीची उसळ १०३ आणि ३०१, प्रत्येकी १ किलो कोरडी मटकी, गुरुवारी रात्री भिजत घाला. मसाले भात १०५, २०४, ३०२, प्रत्येकी १ किलो तांदूळ, इंद्रायणी नको. शिरा २०१ आणि ३०३, प्रत्येकी सव्वासहाशे ग्रॅम रवा, तूप आणि काजू मंडळाच्या खर्चातून, शुक्रवारी माझ्याकडून घेऊन जा. काकडीची कोशिंबीर २०५, ४ किलो काकडी, मीठ घालू नका, मीठ गच्चीवर. ३०४ आजी-आजोबांनी लोणचं आणि लिंबं, बाकी काही नाही. नैवेद्य आहे, त्यामुळे कांदा-लसूण नको, आणि घरची चटणीपण नको, तिच्यात दोन्ही असतं. साधं तिखट आणि गोडा मसाला वापरा. बदल हवा असेल तर आपसात ठरवून गुरुवारी दुपारी २ पर्यंत मला कळवा."

एवढाच. हसू नका, ते चटणीचं वाक्य मी फार पस्तावून घातलंय. त्याच्या आदल्या वर्षी मी फक्त 'कांदा-लसूण नको' लिहिलं होतं. सगळ्यांनी इमानेइतबारे कांदा चिरला नाही, लसूण सोलला नाही, आणि उसळीला सवयीने दोन चमचे चटणी घातली. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला चटणी म्हणजेच कांदा-लसणाची, उन्हाळ्यात वर्षाची करून बरणी भरून ठेवलेली, ती हाताला लागतेच, तिला कुणी मसाला समजतच नाही. झाकण काढल्याबरोबर वास आला आणि नैवेद्याच्या ताटात उसळ वाढायची की नाही यावर दहा मिनिटं गेली. शेवटी नाही वाढली.

मटकीचं वार लिहिण्याचं कारण असं, की ती एकच गोष्ट आहे जी आयत्या वेळी होत नाही. गुरुवारी रात्री भिजवायची, शुक्रवारी सकाळी पाणी पूर्ण काढून फडक्यात बांधायची, शनिवारी सकाळपर्यंत मोड येतात. भाद्रपदातली दमट हवा, पाणी नीट निथळलं नाही तर मोड यायच्या आधी ती बुळबुळीत होते आणि वास मारते, तसं झालं तर टाकूनच द्यावी लागते. म्हणून माझा मेसेज बुधवारी जातो. शुक्रवारी संध्याकाळी टाकलेल्या मेसेजवर मोडाची उसळ होत नाही, फार तर वाटाण्याची होईल तीही फ्रोझन.

इंद्रायणीबद्दल एकदा १०५ च्या काकू रागावल्या होत्या, म्हणाल्या आमच्या घरात तोच तांदूळ असतो. तांदूळ वाईट नाही हो, चिकट आहे. वरणभाताला छान, पण मसाले भाताला त्याचा गोळा होतो, आणि तीन घरांचे तीन भात शेजारी ठेवले की ज्याचा गोळा झालाय तो पहिल्यांदा दिसतो. तो न वाढता उरतो आणि मग काकूंनाच वाईट वाटतं.

पुरीचं. 'पावणेआठला, आधी नको' हे वाक्य वाचायला उर्मट वाटतं मला माहितेय. पण गरम पुरी डब्यात घालून झाकण लावलं की वाफ आतच राहते आणि पुरी ओली होऊन चामड्यासारखी होते. कणीक घट्ट मळायची, मूठभर रवा घालायचा, तळल्यावर फडकं घातलेल्या टोपलीत उघडी ठेवायची. साठ पुऱ्या एका घरात लाटून तळून तासाभरात होतात, साडेसहाला सुरुवात करा म्हणून सांगा. एक जण मदतीला लागतो, आणि तो मदतीला कोण हे त्या त्या घराने बघावं, त्यात मी पडत नाही.

कोशिंबिरीच्या मिठाचं सगळ्यांना माहीत असतं तरी दरवर्षी कुणीतरी घालतंच, आणि आरती होईपर्यंत पातेल्यात तळाला निम्मं पाणी.

खर्चाची कुरकूर होते, ती होणारच. तीन किलो बटाटे आणि शिऱ्याचं तूप-काजू एका मापात कसे बसतील? म्हणून महाग जिन्नस मंडळाच्या वर्गणीतून घेतला. पुरीवाल्यांना तेल जास्त लागतं, त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही, म्हणाले तर तेव्हा बघू. आणि ३०४ ला लोणचं दिलं तर एक जण मला बाजूला घेऊन म्हणाले, त्यांना फारच सोपं दिलंत. ते दोघं पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत. मी काही बोलले नाही.

शेवटी कुणीतरी विचारेल म्हणून सांगते, लोक वाचतच नाहीत तर काय? नाहीच वाचत. निळी टिक म्हणजे मेसेज उघडला, वाचला असं नाही. मी सगळ्यांना फोन नाही करत, पंधरा फोन कोण करणार. गुरुवारी रात्री फक्त दोन घरांना करते, १०३ आणि ३०१. एकच प्रश्न, मटकी भिजली का. बाकीचं कुणी विसरलं तरी शनिवारी सकाळी बाजारातून आणून होतं.

हां, आणि मागच्या वर्षी मी स्वतः ताक लिहायला विसरले. मेसेजमध्ये कुठेच नाही, तुम्हीपण आत्ता ऐकलंत आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवताना एका आजोबांनी विचारलं, मग २०५ च्या मुलाला खाली डेअरीत पळवलं, तो आला तोपर्यंत अर्धी पंगत उठली होती. यंदाच्या मेसेजमध्ये २०५ च्या पुढेच लिहून ठेवलंय, ताक, पाच लिटर, जिऱ्याची पूड वेगळी.