गर्दीच्या फोटोतून एकच माणूस कापताना : केशरी साडी आणि झेंडूचा ढीग

नमस्कार. कटआउटवरच्या मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : "साध्या भिंतीपुढचा माणूस कापता येतो, पण बाजारातल्या गर्दीत, शेजारच्याचे कपडे आणि मागचा माल एकाच रंगाचा असेल तर काय करायचे?" आज मी माझ्याच घरातला एक फोटो घेऊन हे दाखवणार आहे. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फूलबाजारात मी माझ्या मामीचा फोटो काढला होता. तिची साडी केशरी आहे, मागे झेंडूचे ढीग आहेत आणि डाव्या खांद्याला खेटून केशरी सदरा घातलेला एक विक्रेता उभा आहे. तिच्या साठीच्या निमंत्रणपत्रिकेसाठी मला या फोटोतून फक्त ती हवी होती.

फोटो फोटोशॉपमध्ये उघडणे, लेअरची प्रत करणे आणि मास्क लावणे तुम्हाला येतेच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. पेन टूल हाताळता येत नसेल, तर आधी एखाद्या कपबशीच्या फोटोवर दोन दिवस सराव करावा, कारण पुढचे सगळे काम त्यावरच उभे आहे.

कमेंटमध्ये अनेकांनी लिहिले आहे की मॅजिक वाँडचा टॉलरन्स 32 वरून वाढवत नेला की काम होते. या सल्ल्याने माणसांचे तासन्‌तास वाया जातात, म्हणून मी स्पष्ट बोलतो. वाँड फक्त रंगाचे साम्य पाहते. साडी आणि झेंडू यांच्यात साम्य आहे हीच आपली अडचण असताना टॉलरन्स वाढवला, तर साडीबरोबर अर्धा ढीगही निवडला जातो; आणि कमी केला, तर साडीच्या प्रत्येक चुणीत भोके पडतात. यांच्यामधला नेमका आकडा सापडत नाही, कारण या फोटोत तो अस्तित्वातच नाही.

आता Info पॅनेल उघडा आणि आयड्रॉपर आधी झेंडूवर, मग साडीवर धरा. माझ्या फोटोत झेंडूला लाल 240, हिरवा 150, निळा 20 असे आकडे येतात, तर साडीला लाल 235, हिरवा 95, निळा 25. म्हणजे लाल आणि निळ्या चॅनेलमध्ये दोन्ही जवळजवळ सारखीच आहेत, पण हिरव्यात 55 चा फरक आहे. डोळ्याला "दोन्ही केशरी" वाटणारी कड हिरव्या चॅनेलमध्ये चांगली दिसते. दुसरे कारण असे की मोबाइलच्या जेपीईजीमध्ये उजेड पूर्ण बारकाईने आणि रंग बहुधा त्याच्या निम्म्या बारकाईने साठवला जातो. त्यामुळे केवळ रंगाच्या फरकाने बनलेली कड पसरट असते. निळा चॅनेल मोठा करून पाहिला तर चौकोनी ठोकळे दिसतात. हिरवा सर्वांत स्वच्छ असतो, कारण उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा असतो.

म्हणून फोटोच्या वर चॅनेल मिक्सरचा अ‍ॅडजस्टमेंट लेअर ठेवा, Monochrome वर खूण करा आणि लाल 0, हिरवा 100, निळा 0 असे भरा. त्यावर कर्व्ह्ज ठेवून काळे टोक 80 वर आणि पांढरे टोक 170 वर आणा. साडी एकदम गडद होते, झेंडू उजळतो आणि पाठीवरून कमरेपर्यंतची सगळी कड उठून येते. हे दोन्ही लेअर फक्त पाहण्यासाठी आहेत. आता 200 टक्के झूमवर पेन टूलने, कडेच्या एक पिक्सेल आतून, पाथ काढत चला. वळण जिथे बदलते तिथेच बिंदू द्या, कारण जास्त बिंदूंनी खांदा खडबडीत होतो.

इथवर सोपे होते. खरी गाठ डाव्या खांद्याशी आहे, जिथे साडी आणि शेजाऱ्याचा सदरा एकमेकांना भिडतात. तिथे हिरव्यातही 95 आणि 98 असेच आकडे येतात. कुठलाही चॅनेल तिथे मदत करत नाही, कारण कड फोटोत नोंदलेलीच नाही. बहुतेक जण इथे 400 टक्के झूम करतात आणि ठोकळ्यांत रेघ शोधत बसतात. कृपया असे करू नका. झूम 50 टक्क्यांवर आणा आणि मानेपासून कोपरापर्यंतचा उतार एका नजरेत पाहा, कारण खांदा हा एक सलग आकार आहे आणि त्याच्या वरचा नि खालचा भाग तुम्हाला स्पष्ट दिसतो आहे.

तेच दुसऱ्या बाजूने पाहा. साडीचा काठ मानेपाशी सुटतो, त्या सहा बोटांच्या पट्ट्यात लपतो आणि दंडावर पुन्हा निघतो. या दोन टोकांना जोडणारी वक्र रेघ म्हणजेच तुमची कड. आणि तिसरी खूण कापडाची : साडीच्या चुण्या खांद्यावरून तिरक्या उतरतात, सदऱ्याच्या सुरकुत्या काखेकडे ओढलेल्या असतात. जिथे चुण्यांची दिशा बदलते तिथे एक माणूस संपतो आणि दुसरा सुरू होतो. मी या तिन्ही खुणांनी ती रेघ तपासली आणि तेवढ्या पट्ट्यासाठी फक्त दोनच बिंदू ठेवले. मात्र शेजारी पुढे उभा राहून तिचा हात झाकत असता, तर कितीही नीट कापले तरी हातात खाच राहिली असती. अशा वेळी पत्रिकेत फोटो खांद्यापाशीच आडवा छाटणे बरे.

पाथ पूर्ण झाल्यावर पाहण्याचे दोन्ही लेअर बंद करा, Make Selection मध्ये Feather Radius 0.5 द्या आणि मास्क लावा. चुका झाकण्यासाठी 5 पिक्सेलचा फेदर देणाऱ्यांना माझी विनंती आहे की तसे करू नये, त्याने माणसाभोवती धुके दिसते. केसांची कड पेनने कापू नका. मास्कवर बारीक ब्रशने एकेका बटेसारखे फटकारे द्या.

आता माणसाच्या खाली एकदा मधल्या राखाडी आणि एकदा पत्रिकेच्या रंगाचा सपाट लेअर ठेवून पाहा. पहिल्या वेळी मी हे केले नव्हते. फिक्या हिरव्या पत्रिकेवर मामीच्या कोपराभोवती आणि गालाच्या कडेला तीन-चार पिक्सेलची नारिंगी रेघ छापून आली, आणि ती पाहून मला फार वाईट वाटले. मास्क चुकलेला नव्हता. झेंडूच्या ढिगाचा उजेड तिच्या त्वचेवर पडला होता. उपाय असा की फोटोवर क्लिप केलेला नवा लेअर घ्यावा, त्याचा मोड Color ठेवावा, आतल्या बाजूच्या त्वचेचा रंग उचलावा आणि 30 टक्के ओपॅसिटीच्या मऊ ब्रशने कडेवरून हलकेच फिरावे. हनुवटीखालची केशरी झाक मात्र राहू द्यावी, कारण ती तिच्याच साडीची आहे. ती पुसली तर चेहरा दुसऱ्याच फोटोतला वाटतो.

आणि पेन खाली ठेवण्याआधी Paths पॅनेलमध्ये Work Path वर दोनदा क्लिक करून त्याला नाव द्या. नाव न देता नवा पाथ सुरू केला, तर जुना पुसला जातो आणि डावा खांदा पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो.