आधी जप्ती, मग सुनावणी?

[दृश्य: टंकलेखन यंत्रावरचं सरकारी पत्र, तारीख वाचता येईल इतकं जवळून]

२ जुलै १९७७. दिल्लीच्या क्षेत्रीय पासपोर्ट अधिकाऱ्याच्या सहीचं हे पत्र मनेका गांधी यांच्या घरी दोन दिवसांनी पोहोचलं. मजकूर मोजका होता. ‘सार्वजनिक हिता’साठी तुमचा पासपोर्ट इम्पाउंड करण्याचा, म्हणजे अडवून ठेवण्याचा, निर्णय भारत सरकारने घेतला आहे, सात दिवसांत तो जमा करा. कलमही दिलेलं होतं, पासपोर्ट कायदा १९६७, कलम १०, पोटकलम ३, खंड ‘सी’. पण या बाईंनी नेमकं काय केलं, किंवा त्या काय करतील अशी भीती आहे, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यांनी कायद्यातलीच तरतूद पुढे केली. कलम १०(५) सांगतं, की अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवली पाहिजेत आणि पासपोर्टधारकाने मागितली तर त्यांची प्रत दिली पाहिजे. मनेका गांधींनी प्रत मागितली. परराष्ट्र मंत्रालयाने तत्परतेने कळवलं, सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी प्रत देता येत नाही. पासपोर्ट घेतला तो जनहितासाठी, आणि का घेतला हे सांगायचं नाही तेही जनहितासाठीच!

अपिलाची वाटही नव्हती. खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर कलम ११ खाली अपील करता येतं, पण हा आदेश खुद्द केंद्र सरकारचा होता आणि त्यावर अपील नाही. उरलं फक्त सर्वोच्च न्यायालय.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाची इमारत, जुनं चित्रीकरण]

हा प्रश्न न्यायालयाला अगदीच नवा नव्हता. परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य हे घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं एप्रिल १९६७ मध्येच सतवंतसिंग साहनी खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरलं होतं. तोवर पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर चालायचं, त्यासाठी कायदाच नव्हता. त्या निकालानंतर काही आठवड्यांतच तो करावा लागला. तेव्हा १९७७ मध्ये कायदा हजर होता. प्रश्न वेगळाच होता: कायद्यात सुनावणीचा शब्दही नसेल, तर सरकारने ती न देताच पासपोर्ट काढून घेतलेला चालेल का?

सात न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जानेवारी १९७८ रोजी निकाल दिला. त्यातली एकच ओळ बहुतेकांना ठाऊक असते: कायद्याने कार्यपद्धती घालून दिली एवढ्याने भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असावी लागते. खरी गंमत मात्र त्यापुढच्या तपशिलात आहे.

सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. आधी नोटीस दिली, तर माणूस सुनावणीच्या तारखेआधीच विमानात बसेल. मग इम्पाउंड काय करणार? न्यायमूर्ती भगवती यांनी ही अडचण मान्य केली. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मानला नाही. आधी ऐकता येत नसेल, तर आदेशानंतर लगेच ऐका, असं ते म्हणाले. कायदा सुनावणीबद्दल गप्प आहे, म्हणजे सुनावणी नको असं नव्हे. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं त्या मोकळ्या जागेत आपोआप येतात.

[दृश्य: शपथपत्राचं पान, बोट एका परिच्छेदावर थांबतं]

आता लपवलेल्या कारणांचं काय झालं, ते पाहा. न्यायालयात उत्तर देताना सरकारने शपथपत्र दाखल केलं आणि कारण त्यातच लिहून टाकलं: एका चौकशी आयोगासमोर मनेका गांधींची गरज पडण्याची शक्यता आहे. बस, एवढंच. उघड न्यायालयात जे सांगताना जनहिताला ओरखडाही आला नाही, ते जुलैमध्ये खुद्द त्यांना सांगितल्याने जनहित कसं बुडलं असतं? कारणं दडवण्याचा अधिकाऱ्याचा निर्णयही न्यायालय तपासू शकतं, आणि दडवणं गरजेचं होतं हे पटवून देण्याची जबाबदारी सरकारवर आहे, हे इथे स्पष्ट झालं. माझ्या मते रोजच्या वापरात या निकालाचा सगळ्यात कामाचा भाग हाच.

तरीही तो आदेश रद्द झाला नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. ॲटर्नी जनरलनी सरकारच्या वतीने हमी दिली, की मनेका गांधींचं म्हणणं दोन आठवड्यांत ऐकून घेऊ आणि आदेश कायम राहिलाच, तर इम्पाउंडची मुदत नव्या निर्णयापासून सहा महिन्यांपलीकडे नेणार नाही. ती हमी नोंदवून न्यायालयाने औपचारिक आदेश न देताच याचिका निकालात काढली. पासपोर्ट न्यायालयाच्या रजिस्ट्रारकडेच राहिला. पुढच्या लाखो लोकांना हक्क देणाऱ्या या खटल्यात अर्जदाराच्या हाती त्या दिवशी पासपोर्ट पडला नाही.

[दृश्य: कपाटाचा उघडा खण, शेजारी पंचनाम्याचा कागद]

तीस वर्षांनी तोच प्रश्न दुसऱ्या दारातून आला. ऑक्टोबर २००६ मध्ये सीबीआयने एका झडतीत उद्योजक सुरेश नंदा यांचा पासपोर्ट उचलला आणि स्वतःकडेच ठेवला. ना पासपोर्ट कार्यालयाची नोटीस, ना आदेश. विशेष न्यायालयाने तो परत करायला सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाने ते उलटवलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

जानेवारी २००८ च्या निकालाने रेघ ओढून दिली. तपासात एखादी वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पासपोर्टही त्यात आला. पण तो अडवून ठेवणं म्हणजे इम्पाउंड करणं, आणि तो अधिकार फक्त पासपोर्ट अधिकाऱ्याचा. फौजदारी न्यायालयालाही दस्तऐवज अडवण्याच्या सर्वसाधारण कलमाखाली पासपोर्ट ठेवून घेता येत नाही, कारण पासपोर्टसाठी स्वतंत्र, खास कायदा आहे. मग पोलिसांनी काय करायचं? पासपोर्ट पत्रासह पासपोर्ट कार्यालयाकडे पाठवायचा आणि कलम १०(३) मधल्या कुठल्या कारणाखाली तो इम्पाउंड व्हावा, ते लिहायचं. तो अधिकारी संबंधिताला ऐकून घेईल आणि मग ठरवेल.

समजा, घराच्या झडतीत पासपोर्ट गेला आणि तीन महिने तो पोलीस ठाण्याच्या मुद्देमालातच पडून आहे. आधी पंचनाम्यात त्याची नोंद आहे का ते पाहायचं. नंतर पासपोर्ट कार्यालयाकडून काही आलं का ते तपासायचं. काहीच आलं नसेल, तर नंदा खटल्याचा आधार घेऊन तो परत मागता येतो. कारणे दाखवा नोटीस आली असेल, तर तिच्यातला खंड वाचायचा. ‘ई’ असेल, म्हणजे फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित आहे असं कार्यालयाचं म्हणणं, तर खटल्याचा टप्पा पाहायचा. नुसता एफआयआर नोंदला म्हणजे न्यायालयात कार्यवाही सुरू झाली असं होत नाही. त्यासाठी न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते, असं अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलं आहे. उत्तरात हेच लिहायचं, आणि कारणांची प्रत लेखी मागायची.

खटला खरोखरच चालू असेल, तर नवा पासपोर्ट नाकारण्याचं कारण कलम ६(२)(एफ) मध्ये आहे. तिथेही दार पूर्ण बंद नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या न्यायालयात खटला आहे त्याची परदेशी जाण्याची परवानगी आणली, तर पासपोर्ट मिळतो. आदेशात पासपोर्टची किंवा प्रवासाची मुदतच लिहिली नसेल, तर तो एक वर्षाचा निघतो. म्हणून परवानगी मागतानाच अर्जात मुदतीची विनंती करायची असते. नेमकं तेवढंच राहून जातं, आणि वर्षभरात पुन्हा त्याच न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.