नावापुढचं 'पीएचआर'

हिंजवडीतली एक कंपनी. इथं बसून अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांच्या रजा, पगार आणि तक्रारी सांभाळणारा माणूस हवा आहे. एका अर्जावर नावापुढं लिहिलंय 'पीएचआर'. हे एचआरसीआय या अमेरिकी संस्थेचं एचआर क्षेत्रातलं प्रमाणपत्र.

मुरलेला रिक्रूटर आधी ही अक्षरं नीट वाचतो. सुरुवातीला 'ए' असेल, म्हणजे 'एपीएचआर', तर ती नवख्यांची परीक्षा; तिला अनुभवाची अट नाही. शेवटी 'आय' असेल तर ती अमेरिकेबाहेर काम करणाऱ्यांची, तिथल्या कायद्याचा भाग वगळलेली. नुसत्या पीएचआरसाठी पदवीधराला एचआरमधली दोन वर्षं दाखवावी लागतात आणि परीक्षेत अमेरिकेचा कामगार कायदा येतो. या जागेला नेमकं तेच हवंय.

मग तो मुदत तपासतो. प्रमाणपत्र दर 3 वर्षांनी नव्यानं टिकवावं लागतं: पुढच्या शिक्षणाचे 60 क्रेडिट्स मिळवून, नाहीतर पुन्हा परीक्षा देऊन. ही अट किती महत्त्वाची, ते मुलाखतीत कळतं.

तो एकच प्रसंग मांडतो. "अमेरिकेतल्या शाखेत 10 महिने झालेली कर्मचारी बाळंतपणाची रजा मागतेय. काय कराल?"

भारतातलाच अनुभव असलेला उमेदवार म्हणतो, वर्षात 80 दिवस भरलेत, 26 आठवडे पगारी रजा द्या. आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी हे बरोबर आहे, तिथं नाही.

परीक्षेपुरतं वाचलेला सांगतो, एफएमएलए या रजेच्या अमेरिकी कायद्याला 12 महिन्यांची नोकरी आणि 1250 तासांचं काम लागतं, म्हणून रजा नाकारा. अट अचूक सांगितली, पण निर्णय धोक्याचा. माझ्या मते असं अर्धं ज्ञान कंपनीला कोऱ्या अज्ञानापेक्षा महाग पडतं, कारण समोरचा ते खात्रीनं सांगतो.

तिसरी उमेदवार तीच अट सांगते आणि पुढं जाते. जून 2023 पासून गरोदर कर्मचाऱ्यांसाठी वेगळा कायदा लागू आहे. 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला तो बांधतो आणि त्यात नोकरीच्या काळाची अट नाही. कंपनीवर अवाजवी भार पडत नसेल, तर बाळंतपणातून सावरण्यासाठी रजा द्यावी लागू शकते. मग तीच विचारते, "ही बाई कोणत्या राज्यात आहे?" कारण काही राज्यांचे रजेचे कायदे आणखी उदार आहेत.

हा प्रश्न आला की रिक्रूटर पीएचआरला वजन देतो. 2019 साली उत्तीर्ण होऊन मुदत संपू दिलेल्याच्या अभ्यासक्रमात 2023 चा कायदा असणारच नव्हता.

हाच अर्ज चाकणच्या कारखान्यात गेला, तर हिशोब बदलतो. तिथं कंत्राटी कामगार, युनियनशी करार, भविष्यनिर्वाह निधी हे रोजचे विषय. त्या खुर्चीसाठी रिक्रूटर पीएचआर बाजूला ठेवतो आणि विचारतो, शेवटचा वेतनकरार तुम्ही कुणाबरोबर बसून केलात?