पाणी झटकणारा हात

मंडळी, समोर लावलेला हा फोटो माझ्या एका मित्राने जुलैमध्ये काढला. जागा दादर पश्चिम, स्टेशनबाहेरचा भाजीबाजार, वेळ संध्याकाळी सव्वासातची. जुलैत मुंबईत सूर्य साधारण याच सुमारास मावळतो. त्यामुळे आकाशात थोडा राखाडी उजेड उरलेला आहे आणि खाली दिवे लागले आहेत. या फोटोतून आठ ओळींची एक कविता तयार झाली. ती कशी झाली, काय टाकलं आणि काय ठेवलं, ते आज सांगतो.

पहिल्यांदा मी फक्त दिसणाऱ्या वस्तू कागदावर उतरवल्या. बांबूला बांधलेली निळी ताडपत्री, मध्ये पाणी साचून पोट आलेली. तिच्या कडेला वायरवर लटकणारा पिवळा बल्ब. भिजलेलं किंतान, त्यावर कोथिंबिरीच्या जुड्या, पालक, अळूची पानं. तराजू नाही, कारण इथे सगळं जुडीवर विकलं जातं. मागे छत्र्यांची गर्दी. भाजीवाली बाई उकिडवी बसलेली. तिच्या गुडघ्याजवळ झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली आडवी पडलेली. वीस-बावीस वस्तू झाल्या आणि मी अडकलो.

फोटोवरून लिहिताना बहुतेक जण इथेच अडकतात. फोटो नामं भरपूर देतो, क्रियापद देत नाही. मग आपण नामांना विशेषणं लावत बसतो: ओलं किंतान, निळी ताडपत्री, पिवळा दिवा. वाचणाऱ्याला वाटतं, फोटोच दाखवा की, कविता कशाला?

म्हणून मी फोटोत क्रियापद शोधायला लागलो. ते हललेल्या जागी सापडतं. मित्राने शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकं उघडं ठेवलं होतं, कारण उजेड कमी होता. तेवढ्या वेळात जे स्थिर राहिलं ते स्पष्ट आलं आणि जे हललं ते पुसट झालं. बल्बजवळ बघा, पाऊस थेंबांसारखा नाही, रेघांसारखा दिसतो. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने पडतो, म्हणजे शटर उघडं असताना तो जवळजवळ फूटभर खाली येतो आणि फोटोत फूटभराची रेघ ओढतो. आता बल्बपासून नजर बाजूला न्या. पाऊस दिसतच नाही. तो तिथेही पडतोय, पण त्याच्यावर उजेड नाही. उजेड अंगावर घेणारा थेंबच कॅमेऱ्याला दिसतो.

हे लक्षात आलं आणि पहिलं कडवं मिळालं. घाट मी मोठ्या अभंगाचा निवडला. त्यात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. मात्रा मोजायच्या नाहीत, अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं.

एका दिव्याखाली
पावसाच्या धारा
बाकी रस्ता सारा
कोरा काळा

‘कोरा’ या शब्दासाठी मी बराच थांबलो होतो. आधी तिथे ‘ओला’ होतं. ओला रस्ता म्हणण्यात चूक नाही, पण ते आपल्याला माहीत आहे म्हणून लिहिलेलं होतं, दिसलं म्हणून नव्हे. फोटोत दिव्यापलीकडे पाऊस उमटलेलाच नाही, तो भाग कोऱ्या पाटीसारखा आहे. भर पावसातला रस्ता कोरा म्हणताना वाचणारा क्षणभर अडखळेल, मग दिव्याखालच्या धारा आठवून त्याला ते पटेल. ते अडखळणं मला हवं होतं.

दुसरी हललेली जागा म्हणजे बाईचा हात. तिचा चेहरा स्पष्ट आहे, उजवा हात मनगटापासून पुसट आहे. हातात कोथिंबिरीची जुडी आहे, मुळांकडून धरलेली, पाला खाली. पाल्याच्या टोकांपासून चारी बाजूंना बारीक चकाकत्या रेषा निघाल्या आहेत. ती जुडी झटकते आहे. का, हे कोथिंबीर विकणाऱ्या कुणालाही विचारा. भिजलेल्या जुड्या एकावर एक राहिल्या की आतून गरम होतात, पानं काळी पडतात आणि सकाळपर्यंत ढीग सडतो. संध्याकाळी उरलेला माल वाचवायचा तर पाणी झटकायलाच हवं.

आणि मग ती आडवी पडलेली बाटली. एरवी, विशेषतः उन्हाळ्यात, भाजीवाली दर थोड्या वेळाने याच बाटलीने जुड्यांवर पाणी मारते, नाहीतर पाला सुकून माना टाकतो. आज ती बाटली बाजूला आहे आणि तोच हात उलटं काम करतो आहे.

वर्षभर पाणी
शिंपडतो हात
आज पावसात
झटकतो

शेवटचा चरण चारच अक्षरांचा असतो. तीन चरण लयीत गेल्यावर आवाज तिथे अचानक आखूड होतो. ‘झटकतो’ हा एकच शब्द तो पूर्ण भरतो, आणि तो आखूडपणा मनगटाच्या झटक्यासारखा लागतो. मी हे ठरवून केलेलं नाही. अक्षरं मोजताना ते हाती आलं, आणि मला फार आनंद झाला.

आता टाकलेलं कडवंही वाचतो, कारण चूक त्यातच दिसते.

ओल्या डांबरात
लांबतो उजेड
त्यालाही ये वेड
पावसाचे

पहिल्या दोन ओळी डोळ्यांनी बघून आल्या आहेत. ओल्या, खडबडीत डांबरावर दिव्याचं प्रतिबिंब खरंच गोल राहत नाही, ते आपल्या दिशेने लांब ओढलं जातं. मग ‘उजेड’ला यमक हवं होतं आणि ‘वेड’ धावत आलं. फोटोत वेड लागलेलं काहीच नाही. अक्षरं बरोबर, यमक बरोबर, आणि कडवं खोटं. ओळखायची खूण अशी: त्या शब्दावर बोट ठेवा आणि दुसरं बोट फोटोवर ठेवायला जागा शोधा. जागा सापडली नाही की तो शब्द यमकाने आणलेला आहे.

ताडपत्रीही शेवटी गेली. ती फोटोतली सगळ्यात ठळक वस्तू आहे, तिच्या निळ्या छायेने पालकसुद्धा निळसर झाला आहे, पण ती नुसतीच रंग देत होती. जवळच्या पुलाचाही मोह झाला होता. त्याला केशवसुतांचं नाव आहे, आणि मराठी कवितेचा माणूस तिथून जाताना मान वर करून बघतोच. पण फोटोत पूल नाही, म्हणून कवितेतही नाही.

एका श्रोत्याने मघाशी विचारलं की ‘वर्षभर’ तरी फोटोत कुठे आहे? प्रश्न योग्य आहे. तो शब्द मी फोटोबाहेरून आणला, पण त्याची जागा दाखवता येते: झाकणाला भोकं पाडलेली ती बाटली. ती नसती तर मी ‘वर्षभर’ लिहिलं नसतं. बाटली स्वतः मात्र ओळीत बसवली नाही. ‘शिंपडतो’मध्ये तिचं काम आलेलं आहे.

राहिली संध्याकाळ. कवितेत ती कुठेच नाही. दिवा आहे, काळा रस्ता आहे, पण एवढ्यावरून मध्यरात्रही वाटेल. आणि मध्यरात्र असेल तर ती बाई झटकण्याची घाई करणार नाही, कारण गिऱ्हाईक संपलेलं असेल. इथे लोकल सुटून माणसं घरी निघाली आहेत, अजून चार जुड्या जातील. त्यासाठी तिसरं कडवं लिहायला बसलो होतो. मग ते सोडलं आणि वर शीर्षक घातलं: ‘दादर, सव्वासात’.