चोरलेली मात्रा

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणी पियानो शिकत असेल, तर स्वरलिपीच्या पुस्तकावर डाव्या कोपऱ्यात, ओळींच्या वर, ठळक अक्षरांत ‘अलेग्रो’ छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. हे इटालियन संगीतातलं लयीचं नाव. म्हणजे द्रुत, आणि जरा उल्हासानं. ठोके देणाऱ्या जुन्या मेट्रोनोम यंत्राच्या पट्टीवर ते मिनिटाला साधारण 120 ते 168 ठोक्यांच्या दरम्यान असतं. दुसरी सूचना येईपर्यंत तीच लय चालू. (परीक्षा जवळ आली की आपल्याकडची मुलं अलेग्रोला शर्यत समजतात, त्यात पालक मोबाइलवर चित्रीकरण करत उभे. असो.)

‘रुबाटो’ मात्र मध्येच, बारीक तिरप्या अक्षरांत भेटतो. इथे वेळेतून थोडं चोरायचं. आणि यावरून पॅरिसमध्ये केवढं भांडण झालं, ऐका!

1842 साल. विल्हेल्म फॉन लेन्झ हा शिष्य पोलिश संगीतकार आणि पियानोवादक शोपँकडे धडा घेत होता. ओपस 33 या रचनासंचातली सी मेजरची मझुर्का. मझुर्का म्हणजे तीन मात्रांचा पोलिश नाच. तेवढ्यात ऑपेराकार मायरबेअर न सांगता आत आले, बसले, ऐकलं आणि म्हणाले, “हे तर दोन मात्रांचं आहे.” शोपँ म्हणाला, “तीन!” शिष्याला पुन्हा वाजवायला लावलं आणि स्वतः पेन्सिलनं पियानोवर ठोके दिले. मायरबेअर आपले, “दोनच.” मग शोपँ स्वतः बसला, पाय आपटत, मोठ्यानं मोजत वाजवू लागला. तरी मायरबेअर हटेनात! दोघं रागातच वेगळे झाले.

गंमत म्हणजे चार्ल्स हॅले या पियानोवादकानंही शोपँला सांगितलं होतं की तुम्ही चार मात्रा वाजवता. शोपँ नाकारत राहिला. शेवटी हॅलेनं त्याला वाजवायला लावून शेजारी मोजलं. चार भरल्या! पहिल्या स्वरावर तो इतका रेंगाळत होता. तेव्हा मात्र शोपँ हसला. म्हणाला, या नाचाचा स्वभावच तसा आहे.

आणि हाच शोपँ शिष्यांना बजावायचा की डावा हात लय सांभाळेल, उजव्यानं मोकळं फिरावं. पुन्हा सांगतो, डावा हात लयीत, उजवा मोकळा. सवाईला बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: गवई पुढे-मागे खेळतो, तबला ठेका सोडत नाही. पुढच्या पिढ्यांनी दोन्ही हात मिळून हेलकावे द्यायला सुरुवात केली. तोही रुबाटोच म्हणतात. मला पहिला आवडतो.

नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या वातावरणाची संथ रचना. शोपँच्या ओपस 9 मधल्या दुसऱ्या नॉक्टर्नमध्ये शेवटाकडे ‘पोको रुबाटो’, म्हणजे थोडासाच, असं छापलंय. तिथे आधी डावा हात एकटा वाजवा: एक खालचा सूर, दोन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, पुन्हा सूर, दोन कॉर्ड. मग उजवा जोडा आणि कान डाव्याकडेच ठेवा. उजवा रेंगाळताच डावाही थबकला, तर चोरी झाली नाही, नुसती लय पडली.