दिवाळीत विजेच्या गाडीने सावंतवाडीला

श्रोतेहो, नमस्कार.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट आहे. पुण्याहून सावंतवाडीला, माझ्या आजोळी निघालो होतो. गाडी विजेची, नवी कोरी. कराड मागे टाकलं तेव्हा बॅटरी तीस टक्क्यांच्या आसपास होती. मोबाईलवर चार्जरचा हिरवा ठिपका दिसत होता, पुढे किणी टोल नाक्याच्या थोडा अलीकडे. म्हटलं, तिथेच थांबू, चहाही होईल. पोहोचलो तेव्हा 14 टक्के उरले होते आणि चार्जरचा पडदा काळा होता. शेजारच्या हॉटेलातला पोऱ्या म्हणाला, “दादा, हा चार दिवस बंदच आहे.” मोबाईलवर ठिपका अजून हिरवाच.

तिथून कोल्हापूर 25 किलोमीटर. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि डाव्या लेनमधून पन्नासच्या वेगाने गेलो. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, मागच्या सीटवरून आई दर दोन मिनिटांनी “किती राहिलं रे?” विचारत होती. कोल्हापुरात शिरलो तेव्हा आकडा 6 वर होता.

तेव्हापासून माझा हिशेब बदलला. आज तोच हिशेब सांगतो, याच रस्त्याचा, कारण तो मला पाठ आहे.

आधी गाडीचा खरा पल्ला. कंपनीच्या कागदावरचा आकडा बाजूला ठेवा. माझ्या गाडीची बॅटरी 40 युनिटची आहे. आपल्या घरच्या वीजबिलातलं तेच युनिट. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने गेलं की एका युनिटला 7 किलोमीटर मिळतात, शंभरने गेलं की साडेपाच. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्याची ही किंमत. चार माणसं, दिवाळीचे डबे, एसी चालू, वेग नव्वदच्या आसपास, असं धरून मी हिशेबाला 6 घेतो. म्हणजे पूर्ण भरलेली गाडी 240 किलोमीटर. पुणे ते कोल्हापूर 230. कागदावर जमतं, आणि नेमकं तिथेच माणूस फसतो.

समोरच्या पडद्यावर “अजून इतके किलोमीटर” असा आकडा येतो, त्यावर मी विसंबत नाही. मागचे काही किलोमीटर गाडी जशी चालली त्यावरून तो काढलेला असतो. घाट उतरून आलात की तो भरमसाट फुगतो, चढून आलात की तुम्हाला घाबरवतो. मी टक्के बघतो. खेड शिवापूरच्या नाक्यावर ट्रिप मीटर शून्य करायचा आणि बायकोने टक्के लिहून ठेवायचे. माझ्या हिशेबाने दर 10 टक्क्यांमागे 24 किलोमीटर व्हायला हवेत. आनेवाडीच्या नाक्यावर हेच 20 निघाले, तर त्या दिवशी समोरून वारा आहे, रस्ता ओला आहे, नाहीतर माझा पाय जड आहे. खंबाटकी चढल्यामुळे पहिल्या टप्प्यात थोडं कमी पडतंच, ते मी सोडून देतो. त्याहून जास्त तूट दिसली की बेत तिथेच बदलायचा, कराडला पोहोचून नाही.

आता मुख्य मुद्दा. “पोहोचताना वीस टक्के उरले पाहिजेत” असं सगळे सांगतात. मला तो आकडा अर्धवट वाटतो. कशासाठी वीस? चार्जरवर पोहोचताना बॅटरीत एवढं हवं, की तो बंद निघाला तरी दुसऱ्या चार्जरपर्यंत जाता यावं आणि तिथे पोहोचल्यावरही 10 टक्के हातात असावेत. दुसरा चार्जर 5 किलोमीटरवर असेल तर 13 टक्केही पुरतात. तो 50 किलोमीटरवर असेल तर 31 लागतात, मग वीस टक्क्यांत तुम्ही अडकलात. म्हणून मी एकेकटा चार्जर निवडत नाही, जोडी निवडतो. दुसरा शक्यतो पुढच्या दिशेला आणि वेगळ्या कंपनीचा. एकाच कंपनीचे दोन धरले आणि तिचं ॲप किंवा पैसे घेण्याची व्यवस्था बसली, तर दोन्ही एकदम जातात.

घरून 100 टक्क्यांनी निघून कराड 160 किलोमीटर, म्हणजे 27 युनिट. पोहोचताना 33 टक्के उरतात. त्यातले 10 राखीव, उरलेल्या 23 टक्क्यांत आणखी 55 किलोमीटर जाता येतं. एवढ्या टप्प्यात मला दुसरा चार्जर मिळतो, म्हणून पहिला थांबा कराड. तिथे 80 टक्क्यांपर्यंत भरायचं, म्हणजे साधारण 19 युनिट. कोल्हापूर पुढे 70 किलोमीटर, तिथे 50 टक्क्यांनी पोहोचतो.

ऐंशीलाच का थांबायचं? बॅटरी भरत आली की गाडी स्वतःहून प्रवाह कमी करत नेते. बहुतेक गाड्यांत ऐंशीच्या पुढचे वीस टक्के इतके रेंगाळतात, की तेवढ्या वेळात पुढच्या ठिकाणी दुप्पट वीज घेऊन होते. शिवाय मागे कुणी तरी उभं असतं.

त्या हिरव्या ठिपक्याकडे परत येतो. “उपलब्ध” याचा अर्थ एवढाच, की चार्जरमधलं सिमकार्ड मुख्यालयाशी बोलतंय आणि त्याला कुठली गाडी जोडलेली नाही. गनमधून, म्हणजे गाडीला लावायच्या प्लगमधून, वीज येते की नाही, हे त्यातून कळत नाही. उलट मोबाईलवर “व्यस्त” दिसणारा चार्जर मला जास्त आवडतो, तो चालू असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. सणाच्या दिवसात सकाळपासून सतत मोकळा दिसणारा चार्जर मात्र संशयास्पद समजावा. मी आदल्या रात्री प्लगशेअरसारख्या ॲपवर बघतो, शेवटचं कुणी कधी चार्ज केलं आणि काय लिहिलं. काल-परवाची नोंद असेल तर ठीक. दोन महिन्यांत कुणी काही लिहिलंच नसेल, तर त्याला मी जोडीत दुसरा धरतो, पहिला कधीच नाही. आणि सरळ फोन करतो, चार्जर कंपनीला नव्हे, ज्या हॉटेलाच्या किंवा पंपाच्या आवारात तो आहे तिथे. “आत्ता कुणाची गाडी लागलीय का?” एवढा एकच प्रश्न. काउंटरवरचा माणूस खिडकीतून बघून सांगतो.

प्रत्यक्ष तिथे गेल्यावरही सगळे बंद चार्जर मेलेले नसतात. बऱ्याच मशीनवर मोठं लाल बटण असतं, तातडीने वीज तोडण्यासाठी. मुलं खेळताना ते दाबून जातात. ते बटण बाणाच्या दिशेने फिरवलं की टक्कन बाहेर येतं आणि मशीन दोन-तीन मिनिटांत पुन्हा सुरू होतं. फक्त आधी तिथल्या माणसाला विचारा, कुणी मुद्दाम दाबून ठेवलंय का. पैशांचंही तसंच. ऐन रस्त्यात ओटीपी येत नाही, म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या वॉलेटमध्ये घरूनच पाचशे-पाचशे टाकून ठेवतो.

आता थांबण्याचा वेळ. एका गाडीला साधारण तास धरा. एकच गन असेल, ती लागलेली असेल आणि कधी लागली ते माहीत नसेल, तर सरासरी अर्धा तास थांबावं लागेल. दोन गन असतील आणि दोन्ही लागलेल्या असतील, तर वीसेक मिनिटांत एक सुटते. चार असतील तर बारा मिनिटांत. तुमच्या आधी एक गाडी रांगेत असेल तर फरक आणखी उघडा पडतो. एका गनच्या जागी दीड तास, चार गनच्या जागी पंचवीस मिनिटं. म्हणून चार गनसाठी महामार्ग सोडून पाच किलोमीटर आत जायला मी तयार असतो. एक फसवणूक मात्र ओळखून ठेवा. साठ किलोवॅटच्या मशीनला दोन गन असतात आणि दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी दोघांना तीस-तीस मिळतात. मग वेळ जवळजवळ दुप्पट लागू शकतो. मोकळ्या मशीनवर गाडी लावता येत असेल तर एक गन आधीच लागलेल्या मशीनकडे जाऊ नका.

कोल्हापुरात जेवण आणि चार्जिंग एकत्र, 50 वरून 80. पुढे निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, एकूण दीडशे किलोमीटर. महामार्ग सोडला की वेग आपोआप उतरतो आणि गाडी युनिटला सात देते, पण चार्जर विरळ होतात. आंबोलीपर्यंत साधारण 17-18 युनिट. तिथून घाट उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज परत देते, त्यामुळे शेवटच्या 30 किलोमीटरला दोनच युनिट लागतात. घरी पोहोचताना 30 टक्के शिल्लक.

हाच रस्ता परतताना तसा राहत नाही. सावंतवाडीहून आंबोली म्हणजे जवळपास सहाशे मीटरचा चढ. भरलेल्या गाडीला दर शंभर मीटर चढायला साधारण अर्धा युनिट जादा लागतं. त्या 30 किलोमीटरला आता 8 युनिट. जाताना कोल्हापूर ते सावंतवाडी 20 लागले, येताना 25. आजोळी रात्री लाईट गेली आणि गाडी 75 टक्क्यांवरच राहिली, तर कोल्हापुरात मी 12 टक्क्यांनी पोहोचणार. म्हणून परतीला किमान 90 टक्के हातात आल्याशिवाय मी निघत नाही, उशीर झाला तरी चालेल.

आजोळच्या घरी चार्जिंग 15 अँपिअरच्या प्लगवर, तासाला तीनेक युनिट. 30 टक्क्यांवरून पूर्ण भरायला नऊ-दहा तास, रात्र पुरते. पण पहिल्या वर्षी गाडीने वीज घ्यायलाच नकार दिला, केबलवर लाल दिवा. घरातले पंखे, फ्रिज सगळं सुरू, मग याला काय झालं? मामांनी वायरमनला बोलावलं. त्याने परसातला अर्थिंगचा खड्डा उकरला तर आत पांढरी, कोरडीठाक माती आणि गंजून तुटलेली तार. फ्रिजला अर्थिंग नसलं तरी तो चालतो, गाडी मात्र आधी अर्थिंग तपासते आणि नसेल तर सुरूच होत नाही. त्याने नवी पट्टी जोडली, कोळसा-मीठ भरलं, दोन कळश्या पाणी ओतलं, आणि केबलवरचा दिवा हिरवा झाला. आता दिवाळीच्या आठ दिवस आधी मामांना माझा फोन जातो, खड्ड्यात पाणी घातलं का म्हणून.

नमस्कार.