तीन कोन आणि एक बिंदू : डेल्टा रोबोचे गणित

हलक्या वस्तू पट्ट्यावरून झटपट उचलण्यासाठी वापरला जाणारा डेल्टा रोबो रेमों क्लावेल यांनी १९८०च्या दशकात लोझानच्या तंत्रविद्यापीठात आकाराला आणला. त्याच्या वेगाचे मर्म असे की तिन्ही जड मोटरी वरच्या स्थिर चौकटीवर बसलेल्या असतात आणि हलतात त्या फक्त हलक्या भुजा, पातळ दांडे आणि टोकाची छोटी चकती. प्रत्येक मोटरला एक वरची भुजा जोडलेली असते. तिच्या टोकापासून, म्हणजे कोपरापासून, दोन समांतर दांडे चकतीपर्यंत उतरतात आणि कोपर व चकती यांच्यामध्ये समांतरभुज चौकोन तयार करतात. असे तीन चौकोन एकत्र आले की चकतीला कलण्याची किंवा वळण्याची मुभाच राहत नाही. ती सरकते, पण कायम आडवी राहते. त्यामुळे चकतीचे स्थान सांगण्यासाठी तिच्या मध्याचे x, y, z एवढे तीन आकडे पुरतात आणि मोटरींचे कोनही तीनच असतात.

आज मी दोन प्रश्न घेणार आहे. चकती अमुक जागी हवी असेल तर तीन कोन किती, हे इन्व्हर्स कायनेमॅटिक्स; आणि कोन माहीत असतील तर चकती कुठे, हे फॉरवर्ड कायनेमॅटिक्स. एका सांध्यामागून दुसरा सांधा असणाऱ्या नेहमीच्या रोबोत पहिला प्रश्न अवघड आणि दुसरा सोपा असतो. इथे उलट आहे, कारण प्रत्येक भुजेचा कोन इतर दोन भुजांचा विचार न करता स्वतंत्रपणे काढता येतो.

आपण एक ठरावीक यंत्र घेऊ. वरच्या चौकटीच्या मध्यापासून मोटरच्या अक्षापर्यंतचे अंतर १५० मिमी, चकतीच्या मध्यापासून तिच्या सांध्यापर्यंतचे अंतर ५० मिमी, वरची भुजा २५० मिमी आणि खालचे दांडे ५५० मिमी. चकती आडवीच राहते, म्हणून तिचे ५० मिमी आपण प्रत्येक भुजेकडून आधीच वजा करू शकतो. मोटर मध्यापासून १०० मिमीवर आहे आणि तिन्ही दांडे एकाच बिंदूला मिळतात, असे मानले तरी उत्तर तेच येते. या एका वजाबाकीने सगळी भूमिती हलकी होते.

आता पहिली भुजा पाहा. कोपर मोटरभोवती २५० मिमी त्रिज्येच्या उभ्या वर्तुळावर फिरते आणि चकतीच्या मध्यापासून ते नेमके ५५० मिमीवर असले पाहिजे. मोटर x अक्षावर आहे, खोली h खालच्या दिशेने मोजली आहे आणि कोन आडव्या रेषेपासून खाली मोजला आहे. u म्हणजे x वजा १००, A म्हणजे वरची भुजा आणि B म्हणजे दांडा. समीकरण सोडवल्यावर एवढेच उरते :

```
k     = (u*u + y*y + h*h + A*A - B*B) / (2*A)
rho   = sqrt(u*u + h*h)
theta = atan2(h, u) - acos(k / rho)
```

तिसऱ्या ओळीत वजाऐवजी अधिक घेतले तर दुसरे उत्तर मिळते, पण त्यात कोपर आत दुमडलेले असते आणि तिन्ही भुजा एकमेकींवर आदळतील. म्हणून वजाच घ्यायचे. k भागिले rho हे १ पेक्षा मोठे किंवा उणे १ पेक्षा लहान आले, तर ती जागा त्या भुजेच्या आवाक्याबाहेर आहे. ही तपासणी केवळ शेवटच्या बिंदूवर नव्हे, तर वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर आणि तिन्ही भुजांसाठी, हालचाल सुरू करण्यापूर्वी झाली पाहिजे.

चकती ठीक मध्यावर, ६०० मिमी खोलीवर असताना तिन्ही कोन ३४.७७ अंश येतात. तीच चकती पहिल्या मोटरच्या दिशेने १५० मिमी सरकवली की पहिल्या भुजेचा कोन १९.२५ अंश होतो. उरलेल्या दोन भुजांसाठी निराळे सूत्र लागत नाही. बिंदूच १२० अंशांनी फिरवून त्यांच्या अक्षांवर आणायचा. तिथे x उणे ७५ आणि y सुमारे १३० होतो, आणि दोन्ही कोन ४८.६७ अंश मिळतात. म्हणजे चकती जिच्याकडे सरकली ती भुजा वर उचलली गेली आणि उरलेल्या दोघी खाली झुकल्या. आकडे हाती आले की ही खूण पटते का, ते आधी पाहावे. चिन्हाची चूक इथेच सापडते.

आता उलट वाट. तीन कोन कळले की तीन कोपरांच्या जागा कळतात. प्रत्येक कोपराभोवती ५५० मिमी त्रिज्येचा गोल कल्पा. चकतीचा मध्य तिन्ही गोलांवर एकाच वेळी असायला हवा. दोन गोलांची समीकरणे एकमेकांतून वजा केली की वर्ग निघून जातात आणि एक सपाट प्रतल उरते. अशी दोन प्रतले एका रेषेत छेदतात आणि ती रेषा गोलाला दोन बिंदूंत भेटते. सरकवलेल्या चकतीच्या वरच्या तीन कोनांसाठी एक बिंदू ६०० मिमी खाली मिळतो आणि दुसरा चौकटीच्या सुमारे ३०६ मिमी वर. अर्थात खालचाच घ्यायचा. यंत्र सुरू होताना चकती कुठे आहे हे मोटरींचे कोन मोजणाऱ्या एन्कोडरच्या आकड्यांवरून कळण्यासाठी हेच गणित लागते.

सूत्रे बरोबर असूनही यंत्र चुकते, ते बहुधा शून्य कोनाच्या जागेमुळे. आमच्या अशाच मापाच्या यंत्रात तिन्ही भुजा मानलेल्या कोनापेक्षा साधारण एक अंश खाली होत्या. मध्यावर चकती सव्वापाच मिलिमीटर खोल जात होती, म्हणून आम्ही प्रोग्रॅममध्ये तेवढी उंची वाढवली आणि काम झाले असे समजलो. मध्यावर उचल उत्तम होत होती. पट्ट्याच्या कडेला मात्र चपटी पाकिटे सुटत होती, आणि बराच वेळ आम्ही दोष पाकिटे निर्वाताने धरणाऱ्या व्हॅक्यूम कपला देत राहिलो.

गणित मांडल्यावर कारण उघड झाले. एक अंशाची तीच चूक मध्यावर ५.२५ मिमी खोली देते, पण १५० मिमी दूर सरकल्यावर ४.९६ मिमीच. शिवाय तिथे चकती बाहेरच्या दिशेने ०.९ मिमी जास्त जाते. म्हणजे उंचीची दुरुस्ती केल्यावरही कडेला कप सुमारे ०.३ मिमी वर तरंगत होता आणि जवळजवळ एक मिलिमीटर बाजूला उतरत होता. सपाट पाकिटावर कपाची कड टेकलीच नाही, तर निर्वात धरत नाही.

एकाच भुजेचे शून्य चुकले असेल तर लक्षण निराळे दिसते. एक भुजा ०.१ अंश खाली असेल, तर मध्यावर चकती त्या मोटरपासून सुमारे अर्धा मिलिमीटर दूर ढकलली जाते आणि ०.१७ मिमी खाली उतरते. हे बाजूला सरकणे वस्तूंची जागा टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या जुळणीत सहज लपून जाते, कारण ती जुळणी एकाच उंचीवर केलेली असते.

म्हणून तपासणी मध्यावर थांबवू नये. चकतीला उंचीतला बारीक फरक दाखवणारे डायल गेज लावावे, खाली सपाट प्लेट ठेवावी आणि यंत्राला स्थिर उंचीवर तिन्ही मोटरींच्या दिशेने बाहेर नेऊन वाचने घ्यावीत. तिन्ही दिशांना मध्यापेक्षा कड सारखीच उंच आढळली तर शून्य तिन्ही भुजांचे मिळून चुकले आहे. एकच दिशा वेगळी वागली तर त्या भुजेकडे पाहावे. आम्ही प्रोग्रॅममधली सव्वापाच मिलिमीटरची भर काढून टाकली, भुजांचे शून्य एका अंशाने दुरुस्त केले, आणि कडेची पाकिटे त्याच कपाने उचलली गेली.